वकिलासाठी कर्ज काढण्याआधी

आज आम्ही बोलणार आहोत कोर्टाबद्दल. विषय जड वाटेल, पण सुरुवात आमच्या गटाच्या बैठकीतूनच करतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याच्या बैठकीत एका ताईने १५,००० रुपयांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "वकिलाला द्यायचेत." नवरा शहरात टेम्पो चालवतो. तीन वर्षांपासून घरी येणं बंद, पैसे पाठवणं बंद. पदरात नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. ताई शेतमजुरीला जाते. एका वकिलाने सुरुवातीला १५,००० आणि पुढे दर तारखेला ५०० रुपये सांगितले होते. आम्ही कर्ज मंजूर करायला निघालोच होतो. खरं सांगायचं तर त्याआधी दोघींना आम्ही याच कारणासाठी कर्ज दिलेलं होतं, आणि त्यांनी ते वर्षभर मजुरीतून फेडलं. गटाचं काम बघणाऱ्या आम्हालाच माहीत नव्हतं, की बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो.

कायदा आहे १९८७ सालचा, विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या १२व्या कलमात कोणाकोणाला मोफत वकील मिळतो ते लिहिलं आहे. त्यात स्त्रिया आहेत, मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, अपंग आहेत, तुरुंगात असलेले आहेत. इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा लागते. बाईला लागत नाही. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. बाई आहे, एवढं पुरे.

जायचं कुठे? आपल्या तालुक्याच्या कोर्टात. तिथे तालुका विधी सेवा समिती असते आणि तिच्या अध्यक्ष म्हणून तिथलेच न्यायाधीश असतात. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटी सापडेना. गेटवरच्या पोलिसाला "मोफत वकील कुठे मिळतो?" असं विचारलं, तेव्हा त्याने बरोबर दार दाखवलं. जाणं जमत नसेल तर १५१०० हा फोन नंबर आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. ताईने आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, लग्नाचा एक फोटो आणि मुलांचे जन्मदाखले नेले होते. नवऱ्याचा पत्ता तिला नीट माहीत नव्हता, तो तिने दिराकडून काढला. पत्ता चुकीचा असेल तर नोटीस परत येते आणि त्यातच महिने जातात, म्हणून हे काम आधी करावं. पुढे तिला वकील नेमल्याचं पत्र मिळालं. वकिलाची फी, टायपिंग, कोर्ट फी, कागदांच्या नकला, सगळा खर्च विधी सेवेचा. ताईचा खर्च झाला तो एस.टी.च्या तिकिटाचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

आणखी एक गोष्ट तेव्हाच समजली. पोटगीचा अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो. नवऱ्याच्या शहरात जावं लागत नाही. जुन्या बायका याला "१२५ची केस" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, त्यात हेच कलम १४४ झालं आहे.

आता मोफत वकिलाबद्दल जी शंका प्रत्येकीच्या मनात असते, ती बोलूनच टाकू. फुकटचा वकील लक्ष देईल का? काही चांगलं लक्ष देतात, काही देत नाहीत. ताईला पहिल्यांदा मिळालेले वकील लागोपाठ दोन तारखांना आले नाहीत, फोनही उचलेनात. आम्ही समितीच्या अध्यक्षांच्या नावाने अर्ज दिला, त्यात दोन्ही तारखा लिहिल्या, आणि तिला दुसऱ्या वकीलबाई मिळाल्या. नेमलेल्या वकिलाला आपल्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. कोणी "चहापाण्याचे" मागितले तरी अर्ज तिथेच द्यायचा. तारीख मात्र आपण स्वतः लिहून ठेवावी. आमच्या गटातल्या एकीची मुलगी मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सोळा अंकी-अक्षरी नंबर टाकून पुढची तारीख बघते. वकिलाने सांगितलेली तारीख आणि ती जुळते का, ते लगेच कळतं.

कोर्टाने केस चालू असतानाची तात्पुरती पोटगी ठरवली. ताईला महिना २,००० आणि दोन्ही मुलांना १,०००-१,०००, मिळून ४,०००. नवऱ्याने काही महिने भरले आणि मग बंद केले. नऊ महिन्यांचे ३६,००० थकले. वकीलबाईंनी लगेच वसुलीचा अर्ज टाकला. इथे नीट ऐका. थकलेली पोटगी ज्या महिन्याची, त्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज करावा लागतो. "देईल आज-उद्या" म्हणून बायका थांबतात आणि जुने महिने हातचे जातात.

मग आली लोक अदालत. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून काही ठरावीक शनिवारी भरते, तारखा आधीच जाहीर होतात. नाव मोठं असलं तरी जागा तीच, आपलं कोर्ट. टेबलं मांडलेली असतात. एकेका टेबलावर पॅनेल बसतं, त्यात न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश, सोबत वकील, समाजसेवक असतात. साक्षी-पुरावे होत नाहीत. दोन्ही बाजूंना समोर बसवून तडजोड होते का ते बघतात. झाली तर तिथल्या तिथे निवाडा लिहिला जातो. पैशाच्या दाव्यात कोर्ट फी भरलेली असेल तर ती परत मिळते.

नवऱ्याकडून निरोप आला, "एकरकमी दीड लाख घे आणि केस मिटव." ताईच्या आयुष्यात दीड लाख एकत्र कधी आले नव्हते. भाऊ म्हणाला, घे. टेबलाभोवती गर्दी, मागे पुढच्या केसची माणसं उभी, "ताई, लवकर ठरवा." आम्ही तिच्याबरोबर होतो. वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि कागदावर हिशोब मांडला. दीड लाखातले ३६,००० तर तिचेच थकलेले. उरले १,१४,०००. महिना ४,०००ने ते अठ्ठावीस-एकोणतीस महिन्यांत संपतात. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती अठरा वर्षांची व्हायला अकरा वर्षं बाकी, आणि कागदावर लिहिलेलं, "यापुढे अर्जदाराची कोणतीही मागणी राहणार नाही."

आज ज्यासाठी बोलायला बसलो ते हे. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर वर दाद मागता येते. इथे आपणच सही केलेली असते, म्हणून तो शेवटचा. फसवणूक झाली असेल तर उच्च न्यायालयात जाता येतं, पण ती वाट फार अवघड आहे. मात्र सही होईपर्यंत कोणीही सक्ती करू शकत नाही. नको म्हटलं तर दंड नाही, न्यायाधीशांचा राग नाही. केस होती तशी आपल्या कोर्टात परत जाते आणि पुढची तारीख पडते.

ताईने नको म्हटलं. भाऊ महिनाभर बोलला नाही.

पुढच्या लोक अदालतीत वेगळ्या अटींवर जमलं. थकलेले सगळे ३६,००० द्यायचे. त्यातले २०,००० त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने, १६,००० दोन महिन्यांत. पोटगी महिना ५,०००. ताईला २,००० आणि मुलांना १,५००-१,५००, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहिलेला. पैसे दर महिन्याच्या १० तारखेच्या आत तिच्या बँक खात्यात. महागाई वाढली की पोटगी वाढवून मागायचा हक्क राखून ठेवलेला. सही करण्याआधी ताईने सगळा कागद मोठ्याने वाचून घ्यायला लावला. एका ठिकाणी "खात्यात" ऐवजी "रोख" लिहिलं होतं, ते दुरुस्त झालं. रोख दिले म्हणणाऱ्याला पुरावा लागतो, पण न मिळाल्याचं भांडण मात्र बाईलाच करावं लागतं. निवाड्याची नक्कल दोन्ही बाजूंना फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

नवऱ्याकडच्यांनी त्या कागदात "दोघांचा घटस्फोट झाला" असंही लिहायला सांगितलं होतं. ते झालं नाही, कारण लोक अदालतीत घटस्फोट मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळं कोर्ट. तसेच ज्या गंभीर गुन्ह्यांत कायदा तडजोड मानत नाही, ते गुन्हे इथे मिटवता येत नाहीत. मारहाण मोठी असेल आणि कोणी "लोक अदालतीत मिटवू" म्हणत असेल, तर आधी वकिलाला विचारा.

जाता जाता एक. बँकेच्या थकीत कर्जासाठी लोक अदालतीची नोटीस आली की गटातल्या बायका घाबरतात, पोलीस येतील म्हणून रडतात. केस कोर्टात जाण्याआधीची ती तडजोडीची बोलावणी असते. त्या नोटिशीवर अटक होत नाही, आणि आपल्या संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही. पण जावं जरूर. व्याजात सूट आणि हप्ते मागायची ती चांगली जागा आहे.

ताईचं पुढे काय झालं, असं विचाराल. नवऱ्याने चार महिने वेळेवर भरले, पाचव्यापासून थांबला. लोक अदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच असतो, त्यामुळे नवी केस करावी लागली नाही. त्याच निवाड्यावर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकला आणि तोही मोफत वकिलाकडूनच. नोटीस गेल्यावर त्याने तीन महिन्यांचे एकदम भरले. अजूनही मध्येच खंड पडतो. दर महिन्याच्या ११ तारखेला ताई पासबुक छापून आणते आणि बैठकीत आमच्यासमोर ठेवते. एन्ट्री नसली, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आमच्यातली एक तिच्याबरोबर तालुक्याला जाते.