बाप्पा, पार्किंग आणि एक जास्वंद 🌺

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीचं पोस्टर दरवर्षी कुणीतरी हौसेनं करतं. त्याच्याखालचा मजकूर लिहायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडतं. पोस्टरवरची अक्षरं फोनवर बारीक दिसतात, शिवाय चित्रातला पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही. म्हणून लोक खरं वाचतात ते खालच्या चार-पाच ओळी. 2025 साली माझ्याकडे आलेला कच्चा मजकूर असा होता. (इंग्रजी शब्द मुळात रोमन लिपीत होते, इथे देवनागरीत देतो.)

«🎉🐘🙏✨ सर्व मराठी फॅमिलीजना हार्दिक इन्व्हिटेशन! कम विथ सहकुटुंब फॉर गणेश चतुर्थी, 30 ऑगस्ट! आरती, लंच, कल्चरल प्रोग्रॅम 💃🥁🍛 प्लीज आणा युवर ओन पाण्याची बाटली 🙏🙏»

उत्साह दांडगा, पण शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून बघा. जीभ अडखळते, आणि त्याचा दोष इंग्रजी शब्दांना देता येणार नाही. ‘गाडी मागच्या लॉटमध्ये लावा’ हे आपण सहज बोलतो. ‘लॉट’ इंग्रजी असला तरी त्याला ‘मध्ये’ लागलं, क्रियापद शेवटी आलं, म्हणजे वाक्याचा सांगाडा मराठीच राहिला. ‘आरती ॲट नून’ हेही चालतं, तिथे सांगाडा इंग्रजी आणि ‘आरती’ पाहुणी. ‘आणा युवर ओन’मध्ये मात्र सांगाडाच अर्ध्यावर बदलतो. म्हणून मी एका ओळीला एकच सांगाडा ठेवतो आणि भाषा बदलायची ती ओळ संपल्यावर.

मग कुठली ओळ कुठल्या भाषेत? वाचणाऱ्यांत सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी असतात, मराठी समजणारी पण देवनागरी न वाचणारी मुलं असतात आणि एखादी तेलुगू सूनबाईही असते. सगळंच दोनदा लिहिलं तर मजकूर सरकारी फलकासारखा लांबतो. म्हणून दिवस, वेळ, जागा आणि खाण्यातली ॲलर्जी एवढंच दोन्हीकडे देतो. मुलांच्या चित्रकला स्पर्धेची ओळ फक्त इंग्रजीत. मखर लावायला माणसं हवीत ही हाक फक्त मराठीत, कारण त्या हाकेला येणारी माणसं मला ठाऊक आहेत!

रोमन लिपीतली मराठी मी टाळतो. तिच्यात ळ आणि ल सारखेच दिसतात. एका संक्रांतीला ‘kala’ असं लिहिलं होतं, ते काळे कपडे घालायला सांगत होते की कलाप्रदर्शन भरवत होते, यावर फोन आले.

दुसरी चूक ‘गणेश चतुर्थी’ या शब्दात होती. त्या वर्षी महाराष्ट्रात चतुर्थी 27 ऑगस्टला होती. तिथीचा क्षण जगभर एकच, घड्याळं वेगळी. न्यू जर्सीत ती 26 तारखेच्या पहाटे लागली आणि 27 च्या सकाळीच संपली. गणपती माध्यान्हीला बसवतात, म्हणून आमच्याकडे चतुर्थी 26 लाच आली. मंडळाचा कार्यक्रम मात्र सुट्टी बघून शनिवारी, 30 ला. तिथे ‘गणेशोत्सव’ हाच शब्द हवा. तारखेत महिना अक्षरी लिहावा हेही ओघानं आलंच. ‘09/06’ ही अमेरिकेत 6 सप्टेंबर होते, तर भारतातून आलेले आजोबा तिला 9 जून वाचतात.

राहिली चित्रं. 💃 लावणीसाठी टाकली होती, पण ती बाई तर झगा घालून नाचते आहे. मोदकाचं चित्र मिळत नाही, म्हणून लोक 🥟 टाकतात आणि आत्या विचारतात, करंज्या आहेत का? पणती 🪔 फोनमध्ये आली ती 2019 मध्ये, त्यामुळे जुन्या फोनवर तिच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. शिवाय अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारी सोय प्रत्येक चित्राचं नाव उच्चारते, तेव्हा नमनालाच चार-पाच नावं ऐकावी लागतात. मी एकच जास्वंद ठेवली. ती बाप्पाची, आणि लाल रंगामुळे नजर थांबते. बाकीची चित्रं ओळीच्या शेवटी, तीही शब्दाच्या जागी नव्हे, शब्दासोबत.

शेवटी गेलं ते हे:

«बाप्पा आले! 🌺
गणेशोत्सव: शनिवार, 30 ऑगस्ट, सकाळी 11. आरती बरोबर 12 ला.
सॅटर्डे, ऑगस्ट 30. डोअर्स ओपन ॲट 11, आरती ॲट नून.
जागा नेहमीचीच, शाळेचा हॉल. पत्ता खाली. गाडी मागच्या लॉटमध्ये लावा. 🚗
स्कूल हॉल, ॲड्रेस बिलो. पार्क इन द रिअर लॉट.
लाडवात काजू आहेत. लाडूज कंटेन कॅश्यूज.
किड्स ड्रॉइंग काँटेस्ट ॲट 2.
मखर लावायला शुक्रवारी संध्याकाळी माणसं हवीत. पाण्याची बाटली आपापली आणा.»

‘बरोबर 12 ला’ यातला ‘बरोबर’ मी मुद्दाम घातला. इंग्रजी ओळीत त्याची गरज पडत नाही.

मजकूर टाकल्यावर पाच मिनिटांत पहिला प्रश्न आला: जेवणात कांदा-लसूण आहे का?