बेचाळीस लिटरच्या शरीरात पाचशे लिटर

धुण्याच्या बादलीत दहा लिटर पाणी आहे. त्यात मोजून नीळ टाकली आणि पाण्याच्या रंगावरून उलटा हिशेब केला, तर उत्तर दहा लिटरच येईल. आता त्यात चार पांढरे सुती सदरे बुडवा. कापड नीळ ओढून घेतं, पाणी फिकं पडतं. नुसत्या पाण्यावरून हिशेब करणाऱ्याला बादली शंभर लिटरची वाटेल.

डिगॉक्सिन या हृदयविकारावरच्या जुन्या औषधाचं असंच होतं. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असतं. त्याला शिरेतून 500 मायक्रोग्रॅम डिगॉक्सिन दिलं आणि काही तासांनी रक्त तपासलं, तर रक्तद्रवात लिटरमागे साधारण 1 मायक्रोग्रॅम सापडतं. मधल्या वेळात लघवीवाटे गेलेलं थोडं औषध सोडून दिलं, तर 500 भागिले 1, म्हणजे 500 लिटर! यालाच औषधाचं आभासी वितरण-आकारमान म्हणतात. एवढी जागा शरीरात कुठेच नसते. औषध रक्तात किती कमी उरलं, एवढंच हा आकडा सांगतो.

बाकीचं जातं कुठे? हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंत. तिथल्या पेशींच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारे पंप असतात, आणि डिगॉक्सिन त्यांनाच चिकटून बसतं. चरबीत ते फारसं शिरत नाही, म्हणून स्थूल रुग्णाचा डोस काट्यावरच्या पूर्ण वजनावरून ठरवणं धोक्याचं असतं.

स्नायूंत पोहोचायला मात्र वेळ लागतो. गोळी घेतल्यावर तासाभरात रक्त काढलं, तर औषध अजून वाटेतच असतं. आकडा भीतिदायक दिसतो आणि विनाकारण डोस कमी केला जातो. म्हणून निदान सहा तास थांबून, शक्यतो पुढच्या गोळीच्या आधी, नमुना घ्यायचा असतो. रिपोर्टसोबत गोळीची वेळ नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

उलट बाजूने क्विनिडीन. हृदयाचे ठोके नियमित करणारं हे औषध सोबत सुरू केलं, तर ते डिगॉक्सिनला स्नायूंतल्या जागेवरून हटवतं आणि मूत्रपिंडातून होणारा निचराही मंदावतं. डोस तोच असूनही रक्तातली पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते.

विषबाधा झाली तर डायलिसिस का करत नाहीत, हेही इथेच कळतं. रक्तद्रव जेमतेम 3 लिटर. वरच्या उदाहरणात त्यात औषध 3 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टक्काही नाही. यंत्र रक्त धुतं; स्नायूंतला साठा तसाच राहतो.

त्यासाठी डिगॉक्सिनला पकडणारी प्रतिपिंडं शिरेतून देतात. ती रक्तातलं मोकळं औषध बांधून टाकतात, तसं पंपांना चिकटलेलं औषध सुटून रक्तात उतरतं. आता नेहमीच्या तपासणीत एकूण डिगॉक्सिन कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते बांधलेलं, निरुपद्रवी असतं. अशा वेळी डॉक्टर तो आकडा बाजूला ठेवून ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम पाहत राहतात.