कळ कुठली दाबायची?

संगणकावर रोमन अक्षरांत kal असं टाइप केलं, तर मराठीत त्याचं काय व्हायला हवं? कल, कळ, काल की काळ? चारही शब्द रोजच्या वापरातले आहेत आणि चारही शब्द माणसं kal असेच लिहितात. संगणकावर मराठी लिहायला नव्याने शिकणाऱ्याने फोनेटिक निवडावं की इनस्क्रिप्ट, हा वाद या चार शब्दांशी येऊन थांबतो. चारांतला नेमका शब्द कुणी निवडायचा, तुम्ही की यंत्राने?

आधी एक गैरसमज दूर करू. कळफलकाची मांडणी आणि फॉन्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या डीटीपीच्या काळात फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा व्हायचा, म्हणून अनेकांना वाटतं की एका पद्धतीने टाइप केलेलं दुसऱ्या पद्धतीवाल्याला वाचता येणार नाही. आज दोन्ही पद्धती युनिकोडमध्येच लिहितात. फोनेटिकने लिहिलेला ‘काळ’ आणि इनस्क्रिप्टने लिहिलेला ‘काळ’ यांत फाइलमध्ये काहीही फरक नसतो. म्हणजे निवड चुकली तरी लिहिलेलं वाया जात नाही. फरक पडतो तो बोटांना आणि डोक्याला.

फोनेटिक हे एकच नाव दोन निराळ्या गोष्टींना दिलं जातं. पहिली नियमांवर चालणारी. तिच्यात प्रत्येक रोमन अक्षराला ठरलेलं देवनागरी अक्षर असतं. l म्हणजे ल, मोठा L म्हणजे ळ, n म्हणजे न, मोठा N म्हणजे ण. इथे kal, kaL, kaal, kaaL असं लिहिलं की चारही शब्द बिनचूक उमटतात. दुसरी अंदाजावर चालणारी. तुम्ही kal लिहायचं, यंत्र पर्यायांची यादी दाखवणार आणि त्यातला एक तुम्ही निवडायचा. मोबाइलवर बहुतेकांची सवय या दुसरीची असते. स्पेलिंग कसंही केलं तरी ती सांभाळून घेते, म्हणून पहिल्याच दिवशी वाक्य लिहून होतं. इंग्रजी टायपिंग येणाऱ्याला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही.

पण तिची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. एका भटकंतीच्या लेखात मी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहायला बसलो. darya टाइप केलं, यादीतला पहिला शब्द घेतला आणि पुढे गेलो. छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्या’. डोंगरात समुद्र आणून सोडला! शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामलाही ते खटकलं नसतं, कारण दर्या हासुद्धा खरा शब्द आहे. अंदाजी फोनेटिकची चूक अशीच असते. मोडका शब्द लगेच डोळ्यात भरतो, इथे मात्र धडधाकट पण भलताच शब्द येतो. त्यामुळे नजर सतत पडद्यावरच्या यादीत अडकून राहते. कागदावरचा मजकूर बघून टाइप करायचा असेल, तर हे फार जाचक होतं. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द यांना तर यादीत पुष्कळदा जागाच नसते.

नियमांच्या फोनेटिकमध्ये हा घोळ होत नाही, पण नियम पाठ करावे लागतात आणि ते प्रत्येक प्रोग्राममध्ये सारखे नसतात. ‘ज्ञ’साठी कुठे dny, कुठे GY, तर कुठे j~n. प्रोग्राम बदलला की थोडी उजळणी आलीच.

आता इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाण ठरवली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक IS १३१९४ मध्ये तिचा समावेश झाला. पहिल्यांदा बघणारा बिचकतो, कारण K वर क सोडला तर इंग्रजी कळेवरचं अक्षर आणि उमटणारं अक्षर यांचं जमत नाही. H वर प, J वर र, L वर त. हे सगळं पाठ करायचं म्हणजे कठीणच, असं वाटतं. प्रत्यक्षात पाठ करण्याजोगं त्यात फार थोडं आहे, कारण मांडणी आपल्या वर्णमालेच्या हिशेबाने केलेली आहे.

बोटं जिथे टेकतात ती मधली ओळ बघा. डाव्या हाताला A, S, D, F, G यांवर ओ, ए, अ, इ, उ. उजव्या हाताला H, J, K, L आणि त्यापुढच्या दोन कळांवर प, र, क, त, च, ट. ‘ओ ए अ इ उ, प र क त च ट’ हे दोन-चारदा मोठ्याने म्हटलं की तोंडी बसतं. मग बरंचसं आपोआप येतं. डाव्या हाताने नुसती कळ दाबली तर मात्रा, Shift धरून दाबली तर स्वतंत्र स्वर: F वर ि, Shift सह इ. त्याच बोटाने एक ओळ वर गेलं की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो: F वर ि, वर R वर ी, G वर ु, वर T वर ू. उजवीकडे Shift धरला की अल्पप्राणाचा महाप्राण होतो: क चा ख, त चा थ, च चा छ. एक ओळ वर गेलं की त्याच वर्गातलं मृदू अक्षर: क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड, प च्या वर ब. शाळेत घोकलेली क, ख, ग, घ ही रांग इथे दोन कळांत मावते. वेगळी लक्षात ठेवायची ती मुख्यतः खालची ओळ: ं, म, न, व, ल, स, य. तिथेही Shift धरला की म चा ण, ल चा ळ, स चा श होतो.

राहिला D. Shift सह तो अ देतो, नुसता दाबला तर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडतो. जोडाक्षराची सगळी मदार याच्यावर. उदाहरण म्हणून ‘चित्रपट’ घ्या. च, ि, त, ्, र, प, ट अशा सात कळा, सगळ्या मधल्या ओळीत. बोटं जागची हलतही नाहीत. वेलांटी दिसते च च्या आधी, पण टाइप करायची च नंतर, कारण इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने चालतं. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन मांडणीत ती दिसते तशी आधी मारतात. त्या सवयीचा माणूस इथे पहिले काही दिवस हमखास चुकतो. नियमांच्या फोनेटिकमध्ये हाच शब्द chitrapaT असा नऊ कळांचा होतो.

हा फरक कशाने पडतो तेही पाहू. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनात अ आधीच असतो, म्हणून ‘कमळ’ला तीन कळा पुरतात, फोनेटिकला kamaL अशा पाच लागतात. उलट जोडाक्षर आलं की इनस्क्रिप्टला हलन्ताची कळ जास्तीची पडते, तर फोनेटिकमध्ये मधला a गाळला की काम भागतं. ‘पुस्तक’ला दोन्हीकडे सहाच कळा. म्हणून इनस्क्रिप्ट दुप्पट वेगवान आहे वगैरे दाव्यांवर विसंबू नका. तिचा खरा फायदा असा की एक क्रम दाबला की एकच शब्द उमटतो. दर्या आणि दऱ्या यांत फरक एका Shift चा: नुसता J म्हणजे र, Shift सह J म्हणजे ऱ. बोटाला ते ठाऊक असतं, यादी बघावी लागत नाही.

दुसरा फायदा एकाहून अधिक भारतीय भाषा लिहिणाऱ्यांचा. K वर मराठीत क, तसा गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगूतही त्या त्या लिपीतला क. बेळगाव-सोलापूरकडे मराठीबरोबर कन्नड लिहिणाऱ्याला नव्याने शिकायच्या त्या थोड्याच कळा, उदाहरणार्थ कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ यांच्या.

इनस्क्रिप्टच्या अडचणीही आहेत. य ची कळ म्हणजे इंग्रजीतली प्रश्नचिन्हाची कळ. त्यामुळे नेहमीच्या मांडणीत प्रश्नचिन्हासाठी आणि अवतरणचिन्हासाठी इंग्रजीत जाऊन परत यावं लागतं. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दाला Shift लागतो. आणि पहिले काही दिवस तुम्ही हाताने लिहिण्याहूनही सावकाश टाइप करता. बहुतेक जण याच टप्प्यावर सोडून देतात.

मग निवड कशी करावी? मोबाइलवर फोनेटिकच बरं. तिथे दहा बोटं चालत नाहीत, म्हणून इनस्क्रिप्टच्या हातवाटपाचा उपयोग होत नाही. संगणकावर आठवड्यातून एखादं पत्र लिहायचं असेल, तरीही फोनेटिक पुरे. मात्र शक्यतो नियमांचं घ्या आणि L, N यांची सवय करा. रोज पानभर किंवा जास्त मराठी लिहायचं असेल, कागदावरून उतरवायचं असेल किंवा दोन भारतीय लिप्या सांभाळायच्या असतील, तर इनस्क्रिप्ट शिका. नोकरीच्या टायपिंग परीक्षेसाठी शिकत असाल, तर आधी जाहिरातीत कुठली मांडणी मागितली आहे ते वाचा, कारण काही परीक्षांत अजून रेमिंग्टन चालतं.

विंडोजमध्ये दोन्ही फुकट मिळतात. Settings मधल्या Language & region मध्ये मराठी भाषा घ्या आणि तिच्या पर्यायांत कळफलक जोडा; नुसतं Marathi लिहिलेला इनस्क्रिप्ट, Marathi Phonetic लिहिलेला फोनेटिक. Windows आणि Space या कळा एकदम दाबल्या की भाषा बदलते. Windows आणि R दाबून osk लिहिलंत, तर पडद्यावर कळफलक उघडतो. तिथे अक्षरं बघून टाइप करा, म्हणजे कळांवर स्टिकर चिकटवायला नकोत. स्टिकर लावले की मान खाली जाते आणि बोटांना जागा पाठ होत नाहीत.

पहिले काही दिवस फक्त मधल्या ओळीचे शब्द घ्या: पत्र, चित्र, टोक, रोप, कोट, पुत्र, चित्रपट. ते न बघता जमले की वरची ओळ, मग खालची, Shift सगळ्यांत शेवटी. आणि या काळात अडलं की फोनेटिककडे पळू नका, सावकाश का होईना, इनस्क्रिप्टमध्येच लिहा.

जमलं की नाही हे तपासायला घड्याळाची गरज नाही. कागदावर एक ओळ लिहून ठेवा: ‘काल कळ दाबली, पण काळ कुणासाठी थांबला?’ पडद्याकडे आणि कळांकडे न बघता, नजर कागदावर ठेवून ती टाइप करा. काल, कळ आणि काळ आपापल्या जागी आले आणि चूक झालीच तर ती फक्त प्रश्नचिन्हाशी झाली, तर मांडणी तुमच्या हातात बसली असं समजा.