आवरण आणि गाभा

समजा, तिशीतल्या एका तरुणाने शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. रिपोर्टवर शब्द होते, ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. ना ताप, ना डोळ्यांत पिवळेपणा. घर मात्र हादरलं.

एचबीएसएजी हे हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. ते रक्तात आहे म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. पण कधीपासून, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं पाहतात. त्यातलं ‘आयजीएम’ पॉझिटिव्ह आलं तर लागण बहुधा ताजी असते. बहुधा अशासाठी, की जुना आजार उफाळला तरी ते पुन्हा दिसू शकतं. या तरुणाचं आयजीएम निगेटिव्ह होतं, एकूण गाभा-प्रतिपिंडं मात्र पॉझिटिव्ह. म्हणजे लागण जुनी. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा पॉझिटिव्ह आलं आणि दीर्घकालीन संसर्ग पक्का झाला. यकृताला किती झळ पोचलीय, ते या चाचण्या सांगत नाहीत. त्यासाठी यकृताची तपासणी आणि विषाणूंची मोजणी वेगळी करावी लागते.

मग घरच्यांचं रक्त तपासलं. दोघांचंही एचबीएसएजी निगेटिव्ह. वडिलांमध्ये आवरणाविरुद्धची आणि गाभ्याविरुद्धची, दोन्ही प्रतिपिंडं निघाली. त्यांना कधीतरी लागण होऊन ते नकळत बरे झाले होते. बायकोमध्ये फक्त आवरणाविरुद्धची होती, 10 एककांच्या बरीच वर. तिने लस घेतली होती, आणि लशीत आवरणाचंच प्रथिन असतं, गाभा नसतोच.