पंचेचाळीस सेकंदांत तीन नवऱ्या

ट्यूबलाइटखाली झोपेतून उठल्यासारखा चेहरा. चुटकी वाजते आणि तीच मुलगी रिंगलाइटसमोर नथ सावरत हसते, चांगली दोन छटा उजळून. ब्रायडल मेकअपच्या बहुतेक रील्सची स्क्रिप्ट एवढीच असते, आणि त्यातली बरीचशी करामत ब्रशची नसून दिव्याची असते.

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातल्या पार्लरला खरं काम दाखवणारी रील करायची आहे. नवऱ्या तीन: एक सावळी, एक गहूवर्णी, एक गोरी. पॅकेजेसही तीन: 8 हजार, 15 हजार आणि 25 हजार. कॅमेरा काढण्याआधीच पहिला पेच पडतो, कोणाला कोणतं पॅकेज द्यायचं? सावळीला 8 हजारांचं आणि गोरीला 25 हजारांचं दाखवलं, तर जास्त पैसे मोजले की गोरेपणा मिळतो, असाच अर्थ पाहणारीच्या मनात बसणार. म्हणून इथे उलट करावं. सावळीला 25 हजारांचं, गोरीला 8 हजारांचं.

मग उजेड. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही दृश्यं त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत घ्यायची. मोबाइल स्टँडवर, ब्यूटी फिल्टर बंद, आणि चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेडाचं माप लॉक केलेलं. नाहीतर मोबाइल आपल्या मर्जीने चेहरा उजळवतो. पण मेकअपला दोन तास लागतात, तेवढ्यात ऊन सरकतंच. यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही वेळा नवरीच्या हातात कोरा पांढरा कागद द्यायचा. एकदा तो पिवळट आणि एकदा निळसर दिसला, तर उजेड बदलला, हे कोणालाही कळतं.

रीलमध्ये सर्वांत जास्त वेळ सावळ्या चेहऱ्याला द्यावा, कारण चुका तिथेच जास्त होतात. डोळ्यांखालच्या काळपटपणावर थेट फिकट कन्सीलर थापला की तिथे राखाडी झाक येते. आधी नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात द्यावा लागतो, मग त्वचेच्या रंगाचं फाउंडेशन. ती छटा हाताच्या पाठीवर बघून ठरत नाही. जबड्याच्या कडेला तीन छटांच्या रेघा ओढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण बरीच फाउंडेशन्स हवेत थोडी गडद होतात. जी रेघ मानेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली. आपल्याकडे आणखी एक भानगड असते ती हळदीची. ट्रायल हळदीच्या आधी झालेली असते आणि लग्नाच्या सकाळी चेहऱ्यावर पिवळेपणा उतरलेला असतो, म्हणून रेघा त्या दिवशी पुन्हा ओढाव्या लागतात.

फ्लॅशचा फोटोही स्क्रिप्टमध्ये हवाच. सिलिकाची पांढरी पावडर किंवा झिंक-टायटॅनियमचं सनस्क्रीन आरशात छान दिसतं, पण फ्लॅश पडला की नाकाकपाळावर पांढरे डाग उमटतात. अल्बम हाती येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आवाज मेकअप करणारीचाच ठेवावा, साध्या बोलीतला: “ताई, ही आमची 25 हजारांची नवरी. रंग तिचाच ठेवलाय, फक्त डाग झाकलेत.” तिघींच्या चेहऱ्यांवर एकाच दर्जाचं सामान वापरलं आहे, हेही तिने सांगून टाकावं. मग पैशांत फरक कशाचा? 8 हजारांत लग्नाचा एकच लूक, खोपा आणि नऊवारी नेसवणं. 15 हजारांत त्यावर आधीची ट्रायल. 25 हजारांत ट्रायलसह हळद आणि रिसेप्शनचे लूक, शिवाय टचअपसाठी दिवसभर मांडवात थांबणारी मुलगी. हे आकडे पडद्यावर वाचता येतील इतका वेळ राहिले पाहिजेत. अर्ध्या सेकंदात पळणारा दर म्हणजे न सांगितलेलाच दर.

शेवटचे दहा सेकंद पार्लरबाहेर काढायचे. मुहूर्त टळून गेलाय, मेकअपला पाच तास झालेत, होमाचा धूर झालाय. कपाळावर मुंडावळ्यांचा वळ उठलाय आणि नाकाच्या कडेला फाउंडेशन जरासं भेगाळलंय. हे कापू नये. रीलमधला सर्वांत खात्रीचा पुरावा तोच. अर्थात, बिनमेकअपचा आणि घामेजलेला चेहरा दाखवायला नवरीची लेखी परवानगी आधी घेतलेली असावी. सवलतीचं आमिष दाखवून काढलेला होकार काही खरा नव्हे.

ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2021 मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा परिणाम फुगवून दाखवणाऱ्या फिल्टरवर आक्षेप घेतला. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. तरी पार्लर ठरवताना कायद्यापेक्षा एक प्रश्न लवकर कामाला येतो: “माझ्या रंगाच्या नवरीचा, लग्न लागून गेल्यानंतरचा व्हिडिओ आहे का?”