कॉर्नरवर पहिल्या खांबाकडे धाव

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवरच हेडर मारून भारताचा पहिला गोल केला.

कॉर्नरवर बचावपटू माणसाऐवजी जागा राखतात तेव्हा त्यांना उभ्याउभ्या उडी मारावी लागते. आपण धावत येतो. एकाने छोट्या पासच्या बहाण्याने कॉर्नरकडे जावे, म्हणजे पुढचा बचावपटू बाहेर ओढला जातो. दुसऱ्याने त्याच्यामागच्या बचावपटूच्या वाटेत आधीच उभे राहावे. सरकून धडकला की फाउल. मग हेडरवाला पेनल्टी स्पॉटवरून पहिल्या खांबाकडे सुटतो, पण किक मारणारा धावू लागल्यावरच. लवकर पोचला तर तोही उभाच राहतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळासंघांनी आधी ही वेळ घोटावी.