सरासरी सारखी, वर्ग निराळे

'पूर्ण सहमत', 'सहमत', 'तटस्थ', 'असहमत', 'पूर्ण असहमत'. सत्र संपताना महाविद्यालयात भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जावर हे पाच पर्याय असतात. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी 1932 साली मांडली. पर्यायांना 5 ते 1 असे गुण द्यायचे, प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढायची आणि विभागांची तुलना करायची. गडबड होते ती या तुलनेत.

समजा, 'अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होतो' या विधानावर वाणिज्य आणि रसायनशास्त्र या विभागांतून प्रत्येकी 50 उत्तरे आली. दोन्हीकडे गुणांची बेरीज 160, म्हणजे सरासरी 3.2. अहवालात दोघे शेजारीशेजारी बसतात. आता उत्तरे मोजू. रसायनशास्त्रात 15 जणांनी 4, 30 जणांनी 3 आणि 5 जणांनी 2 गुण दिले आहेत. वाणिज्यमध्ये 20 जणांनी 5, 15 जणांनी थेट 1 आणि उरलेल्या 4, 3, 2 या गुणांना पाच-पाच जण. एकीकडे बहुतेकांचे ठाम मतच नाही, तर दुसरीकडे वर्ग उभा दुभंगलेला.

हा फरक टक्केवारीत दिसतो. 4 किंवा 5 गुण देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे अनुकूल टक्केवारी. रसायनशास्त्रात ती 30, वाणिज्यात 50. एवढ्यावर वाणिज्यला शाबासकी देऊ नये, कारण 1 किंवा 2 देणारे तिथे 40 टक्के आहेत, रसायनशास्त्रात फक्त 10. म्हणून सरासरीशेजारी दोन्ही टक्केवाऱ्या छापाव्यात. एक्सेलमध्ये अनुकूल टक्केवारीसाठी हे सूत्र पुरते. मात्र कोरी उत्तरे कोरीच ठेवावीत, तिथे शून्य भरल्यास आकडा खाली येतो:

```
=COUNTIF(B2:B51,">=4")/COUNT(B2:B51)*100
```

'तास वारंवार रद्द होतात' अशा उलट्या विधानाचे गुण आधी 6 मधून वजा करून घ्यावेत, नाहीतर तक्रारच कौतुक म्हणून मोजली जाते.

आता तत्त्वज्ञान विभाग घेऊ. उत्तरे आठच, सरासरी 4.5, अनुकूल 100 टक्के. पण इथे एका विद्यार्थ्याने मत बदलले तरी टक्केवारी साडेबारा अंकांनी हलते. 50 जणांच्या विभागात ती दोननेच हलते. तिन्ही विभागांच्या सरासरींची पुन्हा सरासरी काढली, तर महाविद्यालयाचा आकडा 3.63 येतो. खरा हिशेब म्हणजे एकूण 356 गुण भागिले 108 उत्तरे, म्हणजे 3.30. आठ जणांनी शंभर जणांचे मत झाकून टाकले!

वाणिज्यच्या बैठकीत पहिला प्रश्न हवा तो त्या 15 जणांचा. उत्तरे तुकडीनुसार वेगळी करून पाहावीत. सगळे एकाच तुकडीत सापडले, तर अभ्यासक्रम कुठे अडला ते वेळापत्रकच सांगेल.